कॅपखाली दात किती उरलाय?

रूट कॅनाल झाल्यावर कॅप बसवायची वेळ येते, तेव्हा बहुतेक पेशंट एकच प्रश्न विचारतात: मेटलची बसवू, सिरॅमिकची की झिर्कोनियाची? महागड्या कॅपसोबत दहा-पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड येतं, त्यामुळे दातही तितकी वर्षं टिकणार असं वाटणं साहजिक आहे. पण ती वॉरंटी कॅपची असते. कॅपवर साधा ओरखडाही नाही आणि आतला दात मात्र मुळापासून चिरलेला, हे आम्ही दंतवैद्य वारंवार पाहतो. म्हणून या लेखात कॅपच्या प्रकारांविषयी जवळजवळ काहीच सांगणार नाही. किडलेला भाग पूर्ण काढल्यावर हिरडीच्या वर निरोगी दात किती मिलिमीटर उरला आणि कोणकोणत्या बाजूंना उरला, हा प्रश्न तुम्ही विचारावा आणि त्याचं उत्तर तुम्हाला समजावं, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

आधी एक समज दूर करू. रूट कॅनालने नस काढली की दात वाळतो, ठिसूळ होतो आणि म्हणून तुटतो, असं बरेच जण मानतात. नस काढल्याने दाताच्या मूळ पदार्थात, म्हणजे डेंटिनमध्ये, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दाताचा किती भाग गेला यामुळे. 1989 साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर मोजमाप केलं. रूट कॅनालसाठी वरून पाडलेल्या छिद्रामुळे दाताचा ताठपणा फक्त 5 टक्क्यांनी कमी झाला. मात्र पुढची कड, वरचा पृष्ठभाग आणि मागची कड असा तिन्हीकडचा भाग कोरून काढला, तेव्हा तो तब्बल 63 टक्क्यांनी घसरला. म्हणजे दाताचं मुख्य नुकसान कीड, जुनी मोठी फिलिंग आणि तुटलेले कोपरे यांनी आधीच करून ठेवलेलं असतं.

नस गेल्याचा एक तोटा मात्र आहे. 1986 मध्ये रँडो आणि ग्लान्ट्झ यांनी केलेल्या प्रयोगात, रूट कॅनाल झालेल्या दाताला दुखल्याचं जाणवेपर्यंत जिवंत दाताच्या दुपटीहून जास्त भार सोसावा लागला. जिवंत दाताखाली खडा आला तर आपण चटकन थांबतो. नस नसलेल्या दाताला तो इशारा उशिरा मिळतो. आधीच पोखरलेला दात आणि त्यावर जास्त दाब, असं हे दुहेरी ओझं असतं.

पोस्ट आणि कोअर कशासाठी

दाताचा वरचा बराच भाग गेला असेल तर कॅपला धरायला काही उरत नाही. मग गेलेल्या भागाच्या जागी कंपोझिट किंवा अन्य साहित्याचा उंचवटा बांधतात, त्याला कोअर म्हणतात. हा कोअर टिकावा म्हणून मुळाच्या पोकळीत एक कांडी सिमेंटने बसवतात, ती पोस्ट. कोअरवर कॅप येते.

पोस्टमुळे दात मजबूत होतो, असं पेशंटला सर्रास सांगितलं जातं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात नुकसानकारक गैरसमज हाच आहे. पोस्टचं काम कोअरला जागेवर धरून ठेवणं एवढंच. ती बसवण्यासाठी मुळाच्या आतून आणखी काही भाग खरवडावा लागतो, म्हणजे मूळ थोडं पातळच होतं. म्हणून भिंती पुरेशा उरल्या असतील तर पोस्ट न घालणं हाच चांगला निर्णय. दाढांच्या बाबतीत तर पोस्टची गरज क्वचितच पडते. दाढेच्या आत नसेची जी रुंद पोकळी असते, तीच कोअरला पकड द्यायला बहुतेक वेळा पुरते. पोस्टचा प्रश्न मुख्यतः समोरच्या दातांत आणि उपदाढांत येतो, कारण त्यांची पोकळी अरुंद असते आणि मूळ बहुधा एकच.

पोस्ट घालायचीच असेल तर काही मापं पाळावी लागतात. मुळाच्या टोकाला रूट कॅनालचं भरण, म्हणजे गटापर्चा, किमान 4 ते 5 मिलिमीटर तसाच राहायला हवा, नाहीतर तिथून जंतूंना वाट मिळते. पोस्टची मुळातली लांबी वरच्या कॅपच्या उंचीइतकी तरी हवी. जाडी मुळाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पोस्ट जाड केली म्हणजे पकड वाढते हा हिशेब चुकीचा आहे. पकड येते लांबीतून, जाडीने फक्त मुळाच्या भिंती पातळ होतात.

दोन मिलिमीटरचा पट्टा

आता मुख्य मुद्दा. खुरप्याच्या लाकडी मुठीत पातं जिथे शिरतं, तिथे लोहार एक लोखंडी कडी ठोकून बसवतो. ती कडी नसेल तर मूठ चार दिवसांत उभी चिरते, कारण पात्यावरचा प्रत्येक हिसका लाकडाला आतून फाकवत असतो. दातातही हेच घडतं. पोस्ट म्हणजे आत शिरलेलं पातं, मूळ म्हणजे मूठ. कॅपची कड निरोगी दाताच्या भिंतीला बाहेरून चहूबाजूंनी कवेत घेते तेव्हा ती या कडीचं काम करते. याला फेरूल म्हणतात.

यात कॅपने काय कवेत घेतलं आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. कॅपची कड कोअरवर टेकली असेल, म्हणजे कंपोझिटच्या उंचवट्यावरच संपली असेल, तर बाहेरून कॅप कितीही घट्ट वाटली तरी फेरूल शून्य. कड कोअरच्या खाली, पेशंटच्या स्वतःच्या निरोगी दातावर टेकली पाहिजे आणि त्या कडेच्या वर भिंतीची उंची साधारण 2 मिलिमीटर, निदान दीड तरी हवी. त्या भिंतीची जाडीही सुमारे 1 मिलिमीटर हवी, कागदासारखी पातळ भिंत मोजणीत धरता येत नाही. 1990 साली सोरेन्सन आणि एंगलमन यांनी दाखवून दिलं की कॅपच्या कडेवर 1 मिलिमीटर भिंत जरी असेल, तरी दाताची फुटण्याला तोंड देण्याची ताकद लक्षणीय वाढते. या गोष्टीला पर्याय म्हणून विकत घेता येईल असं कोणतंही साहित्य नाही.

दोन मिलिमीटरचा पट्टा सगळीकडे सारखा मिळाला तर उत्तमच. पण प्रत्यक्षात एखाद्या बाजूला तो कमी भरतो. अशा वेळी कोणती बाजू कमी आहे ते पाहावं लागतं. वरच्या समोरच्या दातांवर चावताना दाब टाळूकडून ओठाकडे येतो, त्यामुळे कॅप टाळूच्या बाजूला उचलली जायला बघते. तिथली भिंत शाबूत असेल तर ती हा ताण झेलते. तीच भिंत नसेल तर ओठाकडे तीन मिलिमीटर असूनही फारसा उपयोग होत नाही. शेजारच्या दाताला लागून असलेल्या बाजूला थोडं कमी असेल, तर ते त्यामानाने सोसण्याजोगं असतं.

फेरूल नसेल तर दात तुटतो कसा

चावताना प्रत्येक वेळी कॅप, कोअर आणि पोस्ट एकत्र किंचित हलतात. बाहेरून धरणारा पट्टा असेल तर हा ताण भिंतीत वाटला जातो. पट्टा नसेल तर तो सगळा पोस्टमधून मुळात उतरतो. हे एका घासात होत नाही. रोज शेकडो वेळा, महिनोन् महिने तेच चालू राहतं आणि सर्वात कमकुवत जागा आधी हार मानते.

ती जागा कोणती, हे पोस्टच्या प्रकारावर ठरतं. स्टीलची पोस्ट डेंटिनपेक्षा साधारण दहापट ताठर असते. ती स्वतः वाकत नाही, ताण मुळाच्या आत खोलवर नेते आणि मूळ उभं चिरतं. ग्लास फायबरच्या पोस्टचा लवचीकपणा डेंटिनच्या बराच जवळचा असतो. ती वाकते, त्यामुळे बहुतेकदा मूळ चिरण्याआधी तिचं सिमेंटच सुटतं आणि कॅप पोस्टसकट हातात येते. हे अपयश दुरुस्त करता येण्याजोगं असतं, म्हणून मीही फायबरच पसंत करतो. पण फायबर वापरली म्हणजे फेरूल नसला तरी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. पट्टा नसताना वाकणारी पोस्ट कॅपची कड दर घासाला किंचित उघडते, त्या फटीतून लाळ आणि जंतू आत जातात, आणि कॅप सुटते तोवर आतलं मूळ किडून मऊ झालेलं असतं.

उभी चीर ओळखायची कशी? पेशंटची तक्रार बहुधा मोघम असते: चावताना एका ठरावीक कोनात टोचतं, हिरडी अधूनमधून सुजते, बारीक पुळी येते आणि फुटून जाते. रूट कॅनालच्या टोकाशी जंतुसंसर्ग उरला असेल तर पुळी बऱ्याचदा हिरडीच्या काठापासून दूर, मुळाच्या टोकाच्या सुमारास येते. चिरेची पुळी काठाच्या जवळ येते. सगळ्यात बोलका पुरावा मोजपट्टीचा. हिरडी आणि दात यांच्यामधली खोली सगळीकडे 2-3 मिलिमीटर भरते आणि एकाच अरुंद जागी सळी अचानक 8-9 मिलिमीटर आत जाते. एक्स-रेत टोकाभोवती आणि मुळाच्या एका कडेने वर चढत गेलेली काळी सावली दिसते. चीर स्वतः मात्र एक्स-रेत क्वचितच दिसते, आणि आत धातूची पोस्ट असेल तर सीबीसीटी स्कॅनमध्येही धातूच्या चकाकीमुळे फसगत होते. शंका पक्की करायला कधी हिरडी उघडून पाहावं लागतं. एक मूळ असलेला दात असा उभा चिरला असेल तर तो काढण्याशिवाय उपाय राहत नाही. पुन्हा रूट कॅनाल करून किंवा अँटिबायोटिकचे कोर्स घेऊन त्यात फरक पडत नाही.

एका उपदाढेचा हिशेब

वरची दुसरी उपदाढ घेऊ, कारण तुटून येणाऱ्या दातांत ती फार वेळा असते. चाळिशीतल्या एका बाईंची ही गोष्ट. त्यांच्या उपदाढेत जुनी मोठी चांदीची फिलिंग होती. फुटाणे खाताना टाळूकडचा कोपरा तुटून हिरडीपर्यंत गेला. त्या आल्या तेव्हा त्यांची अपेक्षा साधी होती: रूट कॅनाल करा, पोस्ट घाला, कॅप बसवा.

आम्ही आधी भूल देऊन जुनी फिलिंग आणि त्याखालची सगळी कीड काढली. रूट कॅनालला हात लावण्याआधीच हे करणं माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची पायरी आहे. मग खुणा असलेल्या सळीने हिरडीच्या काठापासून भिंती मोजल्या. गालाकडे अडीच मिलिमीटर, पुढे आणि मागे दीड-दीड, टाळूकडे जेमतेम अर्धा. उपदाढेवर चावताना टाळूकडची भिंत महत्त्वाची, आणि नेमकी तीच गेलेली. या अवस्थेत पोस्ट घालून कॅप बसवली असती, तर टाळूकडे कॅपची कड कोअरवर टेकली असती. आणखी दोन मिलिमीटर दात कुठून तरी मिळवणं भाग होतं.

कॅपची कड नुसती हिरडीखाली दोन मिलिमीटर ढकलून भागत नाही. हाड आणि हिरडीचा काठ यांच्यामध्ये दाताला चिकटलेल्या पेशींचा सुमारे 2 मिलिमीटरचा पट्टा असतो. कॅपची कड त्यात घुसली की हिरडी कायम लाल, सुजलेली राहते आणि ब्रश लावला की रक्त येतं. म्हणून मार्ग दोनच राहतात. एक तर शस्त्रक्रियेने हाड आणि हिरडी खाली करायची, ज्याला क्राउन लेंग्थनिंग म्हणतात, किंवा तारेने दात हळूहळू बाहेर ओढायचा.

त्यांच्या दाताची मापं ढोबळमानाने अशी होती: पूर्ण लांबी 22 मिलिमीटर, त्यातलं हाडाबाहेर 10 आणि हाडात 12. क्राउन लेंग्थनिंगमध्ये दोन मिलिमीटर हाड काढलं असतं तर बाहेर 12 आणि आत 10 झालं असतं, म्हणजे आधार कमी आणि वरचं ओझं लांब. शिवाय शेजारच्या दातांचंही थोडं हाड काढावं लागलं असतं. दात दोन मिलिमीटर बाहेर ओढला तरी आत 10च राहणार होतं. पण बाहेर आलेला भाग चावण्याच्या पातळीला कापता येतो, त्यामुळे बाहेरची लांबी 10च राहणार होती. शेजारच्या दातांचं हाडही शाबूत राहणार होतं. मुळाशी ताणाचा हिशेब दुसऱ्या मार्गाने चांगला जुळत होता. वेळ मात्र त्यालाच जास्त लागणार होता: ओढायला काही आठवडे आणि दात पुन्हा आत सरकू नये म्हणून त्याच जागी धरून ठेवायला निदान महिना-दोन महिने.

तिसरा पर्याय, म्हणजे दात काढून इम्प्लांट, हाही मी त्यांच्यापुढे ठेवला. मूळ आखूड असतं, हिरड्यांच्या आजाराने हाड आधीच गेलेलं असतं किंवा भिंती ओढूनही मिळाल्या नसत्या, तर मी तोच सुचवला असता. त्यांचं मूळ लांब आणि हाड चांगलं होतं, म्हणून त्यांनी दात ओढून घेण्याचं ठरवलं. आधी रूट कॅनाल पूर्ण केलं, मग तार लावली. ओढताना दर भेटीला दाताभोवतीचे हिरडीचे धागे कापत गेलो, म्हणजे हाड आणि हिरडी दातामागून वर येत नाहीत.

दात ठरल्या जागी आल्यावर टाळूकडे अडीच मिलिमीटर भिंत मिळाली, बाकी बाजूंना त्याहून जास्त. मुळाच्या तोंडापासून त्याच्या टोकापर्यंत 14 मिलिमीटर होते. त्यातले 5 गटापर्चासाठी राखले आणि 9 मिलिमीटरची फायबर पोस्ट बसवली, जाडीला जेमतेम सव्वा मिलिमीटर. रबर डॅम लावून, म्हणजे दाताभोवती रबराचा पडदा ताणून, लाळेचा थेंबही लागू न देता सिमेंट आणि कंपोझिटचा कोअर एकाच बैठकीत केला. बॉंडिंगच्या वेळी लाळ लागली तर पोस्ट सुटायची पहिली तयारी तिथेच होते, म्हणून याची घाई करत नाही. कॅपची कड चहूबाजूंनी त्यांच्या स्वतःच्या दातावर बसली. शेवटी जबडा बाजूला सरकवताना एकट्या कॅपवर घासाचा भार येत नाही ना, हे रंगीत कागदाने तपासलं.

तुम्ही काय विचारायचं, काय पाहायचं

रूट कॅनाल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा: कीड काढल्यावर हा दात कॅप धरायला पुरेल का? भिंती किती उरतील? पोस्ट लागणार असेल तर ती का लागते आहे? कॅपची कड माझ्या दातावर बसेल की कोअरवर? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्यांना बोलायला सोपं जातं. "आत्ता रूट कॅनाल करून घेऊ, कॅपचं नंतर बघू" हे उत्तर मात्र पुरेसं मानू नका. दात टिकणारच नसेल तर रूट कॅनालचे पैसे आणि भेटी दोन्ही फुकट जातात, आणि मधल्या काळात इम्प्लांटसाठी लागणारं हाडही कमी होत राहतं.

दाढ आणि उपदाढेचं रूट कॅनाल झाल्यावर कच्च्या फिलिंगवर महिनोन् महिने काढू नका. दुखणं थांबलं म्हणून कॅपसाठी न परतलेले आणि मग दात दुभंगल्यावर आलेले पेशंट कुठल्याही दवाखान्यात भेटतील. कच्चं भरण झिजतं, भिंतींना कोणी बांधलेलं नसतं, आणि ज्या दोन मिलिमीटरवर सगळी मदार असते तेच एखाद्या सुपारीने किंवा हाडाच्या तुकड्याने तुटून जातात. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांना सांगा. अशा माणसाला फेरूल पूर्ण असला तरी रात्री घालायचा गार्ड लागतो.

कॅप हलते आहे असं वाटलं, तिथून वास किंवा खारट-कडवट चव यायला लागली, किंवा कॅप पोस्टसकट बाहेर आली, तर ते त्याच आठवड्यात दाखवायचं काम आहे. निघालेली कॅप घरी गोंदाने चिकटवू नका, आणि दवाखान्यातही "नुसती पुन्हा चिकटवून द्या" असा आग्रह धरू नका. ती का निघाली हे आत कीड, चीर आणि भिंतींची उंची पाहिल्याशिवाय कळत नाही. निघालेली कॅप आणि पोस्ट स्वच्छ डबीत घालून सोबत न्या. सिमेंट कुठे सुटलं आणि पोस्ट किती लांबीची होती, हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळतं. सुटल्याबरोबर आलेला दात बऱ्याचदा पुन्हा उभा करता येतो, पण दोन-तीन महिने उघडं राहिलेलं मूळ काढावं लागण्याची शक्यता बरीच वाढते.